तळटीप : एका स्तरातून एकच घटक आणि विलीन स्तर

ज्या पाहणीत प्रत्येक स्तरातून एकच गाव निवडलेले असते, तीत स्तरांतर्गत प्रचरण मोजण्याचे साधनच उरत नाही, कारण तफावत दिसण्यास किमान दोन घटक हवेत. म्हणून, हॅन्सन, हर्विट्झ आणि मॅडो यांच्या १९५३ च्या ग्रंथात विवरण केल्याप्रमाणे, जवळपास सारखे स्तर दोन-दोन करून विलीन करतात. समजा, एका जोडीतील पहिल्या स्तराच्या ज्वारीखालील क्षेत्राचा अंदाज ४,२०० एकर निघाला आणि दुसऱ्याचा ३,८०० एकर; तर ४०० या फरकाचा वर्ग, म्हणजे १,६०,०००, हाच त्या जोडीच्या बेरजेच्या प्रचरणाचा अंदाज होय, आणि सर्व जोड्यांचे असे वर्ग मिळवले की संपूर्ण पाहणीचा अंदाज सिद्ध होतो.

मात्र या वर्गात दोन स्तरांमधील खरा भेदही मिसळलेला असतो : त्यांची वास्तविक क्षेत्रे ३०० एकरांनी भिन्न असल्यास प्रचरण सरासरीने ९०,००० इतके अधिक दाखवले जाते, आणि हा दोष सावधगिरीच्या बाजूचा असल्याने तो पत्करणे मला योग्य वाटते. जोड्या मात्र महसुली दप्तरातील मागील वर्षांच्या पीकपाहणीवरून, गावे निवडण्यापूर्वीच ठरवाव्यात. निवडलेल्या गावांचे आकडे पाहून जवळचे जवळच्याशी जुळवले, तर फरक कृत्रिमरीत्या आक्रसतात आणि प्रचरण वास्तवाहून कमी निघू शकते, जे कोष्टकावरून कोणाच्याही ध्यानात येणार नाही. स्तरांचे आकारमान असमान असेल, तर जोडीची बेरीज आकारमानाच्या प्रमाणात वाटून, त्या वाट्यापासूनचे अंतर हिशेबात घ्यावे.

— संपादक