गृहकर्ज हस्तांतरण

गृहकर्ज हस्तांतरण (प्रचलित नाव: बॅलन्स ट्रान्सफर) म्हणजे एका वित्तसंस्थेकडील गृहकर्जाची उरलेली मुद्दल दुसऱ्या वित्तसंस्थेकडून कमी व्याजदराने नवे कर्ज घेऊन फेडणे होय. हा व्यवहार फायद्याचा ठरतो की नाही, हे शिल्लक मुद्दल, उरलेली मुदत, दोन्ही व्याजदर आणि हस्तांतरणाचा एकूण खर्च यांवर अवलंबून असते.

== खर्च ==

भारतीय रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी बँकांना बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास मनाई केली. त्यामुळे अशा कर्जात मुख्य खर्च नव्या संस्थेकडे होतो. त्यात प्रक्रिया शुल्क व त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर, तसेच मालमत्तेची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन यांचे शुल्क येते. महाराष्ट्रात मूळ दस्तऐवज तारण म्हणून नव्या संस्थेकडे ठेवताना मुद्रांक शुल्क पुन्हा भरावे लागते व त्याची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधक कार्यालयात दाखल करावी लागते. जाहिरातीत 'प्रक्रिया शुल्क माफ' असले तरी हे शासकीय खर्च टळत नाहीत.

सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर राज्याच्या सहकार खात्याच्या नियंत्रणाखाली असतात. त्यामुळे पतसंस्थेच्या कर्जाबाबत मुदतपूर्व फेडीची अट करारपत्रातच तपासावी लागते. स्थिर व्याजदराच्या कर्जाबाबतही हीच दक्षता आवश्यक असते.

== उदाहरण ==

अहिल्यानगर शहरातील सावेडी उपनगरातील एका सदनिकेवरील कर्जाची २० लाख रुपये मुद्दल व १२ वर्षांची मुदत शिल्लक आहे, असे मानू. सध्याचा दर ९.२५ टक्के व नव्या बँकेचा ८.५० टक्के आहे. खर्च पुढीलप्रमाणे धरला आहे: प्रक्रिया शुल्क करासह ११,८०० रुपये, तपासणी व मूल्यांकन ६,००० रुपये, मुद्रांक शुल्क ६,००० रुपये आणि सूचना दाखल करण्याचा खर्च १,३०० रुपये, एकूण २५,१०० रुपये. जुनी बँक ५,९०० रुपये शुल्क घेऊन दर ८.७५ टक्क्यांवर आणण्यास तयार आहे, असेही मानले आहे. हे दर व शुल्क केवळ उदाहरणादाखल आहेत.

| पर्याय | मासिक हप्ता (रु.) | खर्चासह एकूण फेड (लाख रु.) |
|---|---|---|
| सध्याचे कर्ज, १२ वर्षे | २३,०४३ | ३३.१८ |
| जुन्या बँकेत दरकपात, १२ वर्षे | २२,४८० | ३२.४३ |
| हस्तांतरण, १२ वर्षे | २२,२०१ | ३२.२२ |
| हस्तांतरण, २० वर्षे | १७,३५६ | ४१.९१ |

मुदत तीच ठेवल्यास हस्तांतरणाने दरमहा ८४२ रुपये वाचतात आणि खर्च वजा जाता एकूण सुमारे ९६ हजार रुपयांची बचत होते. केवळ हप्त्यातील फरक पाहिला, तर खर्च ३० महिन्यांत भरून निघतो. मात्र कमी दरामुळे मुद्दलही अधिक वेगाने घटते. ती घट जमेस धरल्यास खर्च २१ महिन्यांतच वसूल होतो. त्यापूर्वी सदनिका विकून कर्ज फेडल्यास हस्तांतरण तोट्याचे ठरते.

जुन्या बँकेने दर कमी केल्यास तुलना बदलते. त्या पर्यायातही सुमारे ७५ हजार रुपये वाचतात. म्हणजे हस्तांतरणाचा खरा अतिरिक्त लाभ १२ वर्षांत मिळून सुमारे २१ हजार रुपये इतकाच उरतो. म्हणून अर्जापूर्वी जुन्या बँकेकडे दरकपातीची लेखी मागणी करणे उपयुक्त ठरते.

== मुदतवाढीचा परिणाम ==

नवी संस्था अनेकदा २० वर्षांची मुदत देऊ करते. उदाहरणात त्यामुळे हप्ता ५,६८७ रुपयांनी उतरतो, परंतु एकूण फेड सध्याच्या कर्जापेक्षा सुमारे ८.७२ लाख रुपयांनी वाढते. हप्त्यातील ही घट व्याज वाचल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः परतफेड लांबल्यामुळे झालेली असते. ती ओळखण्यासाठी दोन्ही कर्जांचे हप्ते समान मुदतीवर मोजावे लागतात. मुदत वाढवूनही जुन्या हप्त्याइतकी रक्कम दरमहा भरत राहिल्यास हे नुकसान टाळता येते.

== मर्यादा ==

कर्जाच्या अखेरच्या वर्षांत हस्तांतरण सहसा परवडत नाही. वरील दरांनी ३ लाख रुपये व ३ वर्षे शिल्लक असताना व्याजात केवळ सुमारे ३,८०० रुपये वाचतात. तपासणी व मूल्यांकनाचे ६,००० रुपयेच त्याहून अधिक आहेत. कर्जदार मधूनमधून मोठ्या रकमा भरणार असेल, तरीही अपेक्षित बचत घटते.

हे सर्व हिशोब दोन दरांमधील अंतर कायम राहील, या गृहीतावर आधारलेले असतात. दोन्ही कर्जे रेपो दराशी जोडलेली असल्यास रेपो बदलला तरी हे अंतर साधारणपणे टिकते. पण नव्या संस्थेचा सुरुवातीचा दर काही महिन्यांपुरताच सवलतीचा असेल, तर हिशोब सवलत संपल्यानंतरच्या दराने करावा लागतो. तो दर मंजुरीपत्रात नमूद असल्याची खात्री करून घ्यावी लागते.

== दस्तऐवजांची परतफेड ==

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यानंतर ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणे बंधनकारक आहे. संस्थेच्या चुकीमुळे विलंब झाल्यास कर्जदारास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई मिळते. ही तरतूद १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली.