डोक्यावरची भिंत

मागच्या महिन्यात आत्या गेली. लावायला फोटो हवा म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापले फोन चाळले. फोटो ढीगभर, पण प्रत्येकात आत्याचा चेहरा बरोब्बर मधोमध आणि वर पंखा, कॅलेंडर नाहीतर नुसती भिंत!

ही खोड आमच्या घरात बाबांच्या रोलवाल्या कॅमेऱ्यापासूनची असावी. त्यातून पाहिलं की मध्यभागी एक छोटं वर्तुळ दिसायचं, आणि त्यात चेहऱ्याचे दोन सरकलेले तुकडे. लेन्स फिरवून ते जुळले की फोकस झाला. मग कॅमेरा थोडा खाली झुकवायचा, म्हणजे डोळे चौकटीत वर जातात. बाबा ही दुसरी पायरी विसरायचे. आता फोन चेहरा कोपऱ्यात असला तरी शोधतो, वर्तुळ गेलं, पण आमचा हात तसाच.

फोनच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू केलं की दोन आडव्या, दोन उभ्या रेषा येतात. या तृतीयांशाच्या नियमाला नाव दिलं जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने, १७९७ साली, ग्रामीण निसर्गदृश्यांवरच्या पुस्तकात. गंमत म्हणजे त्याच्या मनात माणूस नव्हताच. आकाशाला दोन भाग दिले तर जमीन-पाण्याला एक द्या, निम्मेनिम्मे करू नका, असं त्याचं म्हणणं. माणसाचे डोळे वरच्या रेषेवर ठेवा, हे पुढच्यांनी त्यातून काढलं. त्यामुळे तो काही कायदा नव्हे. कोणी थेट आपल्याकडे बघत असेल तर डावी-उजवीकडून मधोमधच छान दिसतं. अगदी जवळून काढताना केस थोडे कापले गेले तरी चालतात, हनुवटी मात्र नाही.

शेवटी एक फोटो निवडला. आत्या डावीकडच्या खिडकीबाहेर बघतेय. फोटो ३००० पिक्सेल रुंद, ४००० उंच, डोळे ठीक मध्यावर. वरून १००० कापले, तर ३००० उंचीत डोळे वरून एक तृतीयांशावर आले. उजवीकडून ७५० कापले, तर २२५० रुंदीत चेहरा उजव्या रेषेवर गेला आणि नजरेपुढे मोकळी जागा उरली. उलट, डावीकडून कापून पाहिलं तेव्हा आत्या जणू चौकटीच्या कडेवर नाक टेकून बसली होती.

वरचं असं कापता येतं. खाली मात्र फोटो मनगटापाशीच संपतो. आत्या तेव्हा वाती वळत होती. काढणारा मीच होतो. फोन जरा खाली झुकवला असता तर हात आले असते.