गेटवेने विक्रीचे पैसे अडवले, तर मेसेजमध्ये काय लिहायचं?

ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले, माल पोहोचला, पण दुकानदाराच्या खात्यात मात्र काहीच आलं नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. मग सपोर्टला मेसेज जातो, "माझे पैसे कुठे आहेत?" आणि उत्तर येतं, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे." हे उत्तर संतापजनक असतं, पण बऱ्याचदा प्रश्नही तसाच मोघम असतो.

ग्राहकाने भरलेले पैसे थेट दुकानदाराला मिळत नाहीत. ते आधी एका बँकेतल्या एस्क्रो खात्यात जमा होतात. पैसे हाताळणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये ही अट घातली. या कंपन्यांचं नियमांतलं नाव 'पेमेंट अ‍ॅग्रिगेटर', पण बोलताना सगळे त्यांना गेटवेच म्हणतात. या खात्यातून शुल्क आणि रिफंड वजा होऊन उरलेली रक्कम एकत्र दुकानदाराला पाठवली जाते. यालाच सेटलमेंट म्हणतात. ती किती दिवसांत करायची हे करारात लिहिलेलं असतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एक ताई घरगुती फराळ ऑनलाइन विकतात. रोजची विक्री साधारण 6,000 रुपये, सेटलमेंट दोन कामकाजाच्या दिवसांनी. दिवाळीआधी, 6 ते 9 ऑक्टोबर 2025 या चार दिवसांत 84 ऑर्डर आल्या, एकूण 1,12,400 रुपयांच्या. म्हणजे रोजची विक्री जवळपास पाचपट झाली. 13 तारखेच्या संध्याकाळपर्यंत त्यातला एक रुपयाही आला नव्हता.

पहिलं काम दिवस मोजण्याचं. 11 तारखेला दुसरा शनिवार, 12 ला रविवार. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू असलं, तरी करारात 'कामकाजाचे दिवस' असतील तर सुट्ट्या मोजायच्या नाहीत. तरीही 6 तारखेची रक्कम 8 ला आणि 9 तारखेची 13 ला यायला हवी होती. म्हणजे उशीर खरा आहे.

दुसरं काम, पैसे कुठे अडकले ते डॅशबोर्डवर पाहण्याचं. सेटलमेंट झाल्याचं दिसत असेल आणि यूटीआर क्रमांक दिला असेल, तर पैसे गेटवेकडून निघाले आहेत. तो क्रमांक घेऊन आपल्या बँकेत विचारायचं. सेटलमेंट अयशस्वी दिसत असेल, तर खाते क्रमांक किंवा आयएफएससी तपासायचा. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना कोड तसाच राहिल्याने पैसे परत गेल्याची उदाहरणं आहेत. पण सेटलमेंट तयारच झाली नसेल, तर गेटवेने ती रोखून धरली असण्याची शक्यता जास्त.

ताईंचं असंच झालं होतं. विक्री अचानक वाढली की गेटवेच्या जोखीम तपासणीत खातं अडकू शकतं. कारण माल न पाठवता पैसे घेऊन पसार होणारेही असतात, आणि पुढे ग्राहकांनी बँकेकडे पैसे परत मागितले, म्हणजे चार्जबॅक केला, तर ते गेटवेच्या अंगावर येतात. त्यामुळे मेसेजमध्ये विचारणा आणि पुरावा दोन्ही हवेत:

"आमचा मर्चंट आयडी वर दिला आहे. 6 ते 9 ऑक्टोबरच्या 84 ऑर्डरची सेटलमेंट तयार झालेली नाही. एकूण रक्कम 1,12,400 रुपये. रिफंड 2,400, शुल्क 2,248 आणि त्यावरील जीएसटी 404.64 रुपये वजा जाता 1,07,347.36 रुपये येणं आहे. करारानुसार शेवटची तारीख 13 ऑक्टोबर होती. रक्कम रोखली असल्यास करारातील कोणत्या कलमाखाली, पूर्ण की काही ऑर्डरपुरती, आणि मोकळी होण्यासाठी कोणती कागदपत्रं लागतील, हे लेखी कळवावे. दिवाळीमुळे विक्री वाढली आहे. सर्व बिलं आणि कुरिअरच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत."

यातला 'पूर्ण की काही ऑर्डरपुरती' हा प्रश्न सगळ्यात कामाचा. एखाद्या ग्राहकाने 1930 वर सायबर फसवणुकीची तक्रार केली असेल, तर पोलिसांच्या सूचनेवरून रक्कम थांबवली जाऊ शकते. अशा वेळी कारण लगेच सांगितलं जाईलच असं नाही. पण वाद 1,500 रुपयांचा असेल, तर बाकीची रक्कम सोडा, असा आग्रह धरता येतो.

रोखलेली रक्कम गेटवेची होत नाही; पण जोखीम वाटल्यास ती काही काळ थांबवण्याची मुभा बहुतेक करारांत असते. म्हणून 'बेकायदा' असा शब्द पहिल्याच मेसेजमध्ये वापरून फारसं काही साधत नाही. उत्तर आलं नाही, तर तोच मेसेज तिकीट क्रमांकासह कंपनीच्या नोडल किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचा. सोशल मीडियावर कंपनीला टॅग करायला हरकत नाही, फक्त स्क्रीनशॉटमध्ये खाते क्रमांक आणि ग्राहकांचे फोन नंबर दिसत नाहीत ना, हे आधी पाहावं. अशा पोस्टखाली 'कस्टमर केअर' म्हणून लिंक किंवा ओटीपी मागणारी बनावट खाती हमखास येतात.