अपुऱ्या दिवसांच्या बाळाची उंची मोजताना वय कोणते धरावे?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची उंची तक्त्यावर मांडताना जन्मतारखेचे वय न घेता सुधारित वय घेतात. ४० आठवड्यांतून गर्भाचे आठवडे वजा करायचे. जितके आठवडे कमी पडले तितके बाळाच्या वयातून कमी करायचे.

समजा, ३१ आठवड्यांचा मुलगा आज सहा महिन्यांचा झाला. नऊ आठवडे, म्हणजे साधारण दोन महिने वजा केले की सुधारित वय चार महिने. त्याची लांबी ६२ सेंमी भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलासाठी खालची मर्यादा ६३.३ सेंमी आहे, म्हणून 'खुजा' असा शेरा पडतो आणि घरात आईच्या दुधावर खापर फुटते. चार महिन्यांच्या रेघेवर मर्यादा ५९.७ सेंमी, तिथे हेच बाळ व्यवस्थित बसते.

दोन वर्षांपर्यंत बाळाला झोपवून, दोघांनी मिळून मोजावे. एकट्याने टेप लावला की आकडा हमखास चुकतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. इथे बऱ्याच घरांत गोंधळ होतो.

बहुतेक बाळे दोन ते तीन वर्षांत बरोबरीच्या मुलांना गाठतात. आधी डोके, मग वजन, शेवटी उंची. म्हणून वजावट साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. फार लवकर किंवा पोटातच वाढ खुंटून जन्मलेल्यांना जास्त वेळ लागतो, काही थोडी बुटकी राहतात. सुधारित वयाने मांडूनही रेघ खाली घसरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.