फ्रँकलिनचे हजार पाउंड आणि शेवटची दहा वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. आजची गोष्ट एका मृत्युपत्राची आहे, आणि ती पूर्ण व्हायला दोनशे वर्षं लागली.

17 एप्रिल 1790. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन वारला. हा तोच, विजेचे प्रयोग करणारा. पण मुळात तो छपाईच्या धंद्यातला माणूस. तरुणपणी कुणीतरी भांडवल दिलं म्हणून त्याचा छापखाना उभा राहिला, हे तो विसरला नव्हता. म्हणून मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी 1000 पाउंड ठेवले. अट अशी की हे पैसे खर्च करायचे नाहीत. पंचवीस वर्षांच्या आतल्या, लग्न झालेल्या, उमेदवारी पूर्ण केलेल्या कारागिरांना ते दरसाल 5 टक्क्यांनी कर्जाऊ द्यायचे. दोन जामीनदार हवेत. दरवर्षी व्याज आणि मुद्दलाचा दहावा हिस्सा परत आला की तो लगेच दुसऱ्या कारागिराला. म्हणजे व्याजही पुन्हा कर्जाऊ जाणार, आणि त्यावरही व्याज येणार.

शंभर वर्षांनी याचे किती होतील, ते फ्रँकलिनने स्वतः लिहून ठेवलंय: 1,31,000 पाउंड. त्यातले एक लाख शहराच्या कामांवर खर्च करा आणि उरलेले 31,000 अजून शंभर वर्षं फिरवा, असं त्याचं म्हणणं.

आता आपण एक उद्योग करू. समजा, बॉस्टनच्या नगरपालिकेने आळस केला. "एवढी काय घाई आहे, दहा वर्षांनी सुरू करू" म्हणाले. नुकसान किती झालं असतं?

बहुतेक जण असा विचार करतात: पहिल्या दहा वर्षांत 1000 चे साधारण 1629 होतात. म्हणजे 629 पाउंड बुडाले. वाईट झालं, पण चालतंय की.

इथेच आपण फसतो. उशिरा सुरू केलं तरी रक्कम त्याच पायऱ्या चढते. दहाव्या वर्षी 1629 ऐवजी विसाव्या वर्षी 1629. सगळ्या पायऱ्या दहा वर्षं पुढे सरकतात, आणि शंभरावं वर्ष उजाडतं तेव्हा तुम्ही फक्त नव्वदाव्या पायरीवर असता. या हिशेबात पन्नासाव्या पायरीवर जेमतेम साडेअकरा हजार पाउंड असतात. नव्वदाव्या पायरीवर सुमारे 81 हजार. आणि शंभराव्या पायरीवर 1,31,000. म्हणजे आळसाची किंमत 629 नाही, पन्नास हजार पाउंड!

उशीर केल्यावर आपण गमावतो ती सुरुवातीची दहा वर्षं नसतात. आपण शेवटची दहा वर्षं गमावतो, आणि सगळ्यात जास्त पीक तिथेच असतं. "थेंबे थेंबे तळे साचे" ही म्हण इथे थोडी दिशाभूल करते. तळ्यात शेवटचा थेंब पहिल्या थेंबाएवढाच असतो. चक्रवाढीत पहिला थेंब सगळ्यात मोठा होतो, कारण त्याला सगळ्यात जास्त वर्षं मिळतात.

हे आपल्या रुपयांत बघू. पीपीएफचा 7.1 टक्के दर घ्या. या दराने पैसे साधारण दहा वर्षांत दुप्पट होतात, एवढंच लक्षात ठेवा. दर बदलू शकतो, पण समजायला सोपा आहे.

एक मुलगी पंचविसाव्या वर्षी महिन्याला 5000 रुपये टाकायला लागते आणि 65 पर्यंत टाकते. तिची दर दहा वर्षांची एकेक पिशवी करू. प्रत्येक पिशवीत ती 6 लाख टाकते आणि दहा वर्षं संपताना व्याजासह साधारण साडेआठ लाख असतात. पहिली पिशवी तीनदा दुप्पट होते: 17, 34, 68 लाख. दुसरी दोनदा: 34 लाख. तिसरी एकदा: 17 लाख. चौथी आहे तशीच, साडेआठ. एकूण साधारण 1 कोटी 27 लाख.

तिचा भाऊ 35 व्या वर्षी सुरू करतो. त्याच्याकडे पहिली पिशवी नाही, बाकी तीन सेम. त्याला साधारण साडेएकोणसाठ लाख मिळतात. त्याने टाकले 18 लाख, तिने 24. पण तिच्या पहिल्या 6 लाखांनी त्याच्या सगळ्या 18 लाखांपेक्षा जास्त कमाई केली. तिच्याएवढं व्हायचं तर त्याला महिन्याला 5000 नाही, 10,700 च्या आसपास टाकावे लागतील, तीस वर्षं. पगार वाढलेला असेल तर जमेलही. पण घराचा हप्ता, मुलांची शाळा आणि आईबाबांची औषधं हे सगळं त्याच तीस वर्षांत येतं.

कुणी म्हणेल, महागाईचं काय? बरोबर आहे. चाळीस वर्षांनी कोटीला आजच्या कोटीची किंमत नसेल. पण महागाई दोघांचे पैसे सारखेच कुरतडते. भावाकडे बहिणीच्या निम्म्याहून कमी राहतात, ते तसेच राहतात. आणि क्रेडिट कार्डाचं बिल थकलेलं असेल तर आधी ते फेडा. तिथे हीच चक्रवाढ तुमच्या विरुद्ध धावते, आणि कितीतरी जास्त वेगाने.

आता परत बॉस्टनला जाऊ. तिथे खरंच काय झालं? उशीर झाला नाही. पण काही कारागिरांनी कर्जं बुडवली. पुढे कारखाने आले, तसे उमेदवारी करून स्वतःचं दुकान थाटणारे तरुणच कमी झाले आणि कर्ज घ्यायला माणसं मिळेनात. शंभर वर्षांनी बॉस्टनच्या फंडात सुमारे 3 लाख 91 हजार डॉलर होते, मूळ रकमेच्या नव्वदपटीच्या आत-बाहेर. फ्रँकलिनचा अंदाज होता 131 पट. ठरलेल्या 5 टक्क्यांनी बघितलं तर हे आठ वर्षं उशिरा सुरू केल्यासारखंच झालं. फिलाडेल्फिया तर अजून मागे राहिलं. दोनशे वर्षं संपली तेव्हा बॉस्टनकडे जवळजवळ 50 लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाकडे 20 लाखांच्या थोडे वर. सुरुवात मात्र दोघांची एकाच वर्षी, एकाच रकमेने.

म्हणजे मधेच पैसे अडकणं किंवा काढून घेणं हासुद्धा उशीरच असतो. घड्याळ मागे जातं.

हे मला माझ्याच अनुभवातून कळलं. पंचविसाव्या वर्षी दोन नोकऱ्यांच्या मधे मी तीन महिने घरी होतो. पीएफमध्ये लाखभर रुपये होते. नव्या नोकरीत ते ट्रान्सफर करता आले असते. मी काढले आणि बाईक घेतली. तेव्हा मनात हिशेब एवढाच होता: एक लाख गेले, परत जमवू.

आता वरचाच हिशेब लावा. पंचविसाव्या वर्षीचा एक लाख 35 ला दोन, 45 ला चार, 55 ला आठ आणि 65 ला सोळा लाख. पीएफचा दर पीपीएफपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हा आकडा कमीच धरलाय. बाईक अजून चालते, मायलेज बरं आहे. पण सोळा लाखांची स्प्लेंडर चालवणारा आमच्या गल्लीत मी एकटाच असेन.

नोकरी बदलणार असाल तर पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू!