‘ओबीबी’ फोल्डर : खेळाचा डेटा जातो कुठे?

अँड्रॉइड मोबाइल नव्या आवृत्तीवर गेला की मोठ्या खेळांबाबत एक तक्रार हमखास ऐकू येते. काल चालणारा खेळ आज ‘डेटा सापडत नाही’ असे सांगून बंद पडतो किंवा दीड-दोन गिगाबाइटचे डाऊनलोड पुन्हा मागतो. फाइल मॅनेजर उघडून पाहावे, तर त्या खेळाचे फोल्डर रिकामे! पुष्कळदा प्रत्यक्षात डेटा जागेवरच असतो. तो पाहण्याची परवानगी तेवढी गेलेली असते.

यामागची व्यवस्था २०१२ सालची आहे. त्या वेळी गुगल प्लेवर एका अॅपची मर्यादा ५० मेगाबाइट होती. चित्रे, ध्वनी आणि नकाशे यांनी भरलेले खेळ त्यात मावत नसत. म्हणून मुख्य अॅपसोबत कमाल दोन गिगाबाइटच्या दोन जोडफायली देण्याची सोय झाली. त्यांतील एक ‘मेन’ आणि दुसरी ‘पॅच’. त्यांचा मुक्काम `Android/obb` या फोल्डरात असतो आणि नाव साधारण असे असते :

```
Android/obb/com.example.khel/main.41.com.example.khel.obb
```

यातील ४१ हा आकडा ही फाइल ज्या आवृत्तीसोबत प्रथम दिली गेली तिचा क्रमांक होय. खेळाची आवृत्ती पुढे गेली तरी जोडफाइल जुनीच राहू शकते. त्यामुळे आकडा जुळत नाही म्हणून हौसेने नाव बदलू नये. नावात एका अक्षराचा फरक पडला, तरी खेळाच्या लेखी ती फाइल नसल्यातच जमा.

परवानगीचा घोळ दोन टप्प्यांत झाला. आपल्याच ओबीबी फोल्डरातील फाइल वाचण्यास खेळाला अँड्रॉइड ४.४ पासून वेगळी परवानगी लागू नये, असा नियम आहे. तरीही अँड्रॉइड ६ पासून काही मोबाइलवर ती लागत असे. त्यामुळे ‘स्टोरेज’ची परवानगी नाकारताच खेळ अडत असे. अशा जुन्या मोबाइलवर सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या परवानग्यांत जाऊन ती पुन्हा द्यावी आणि मोबाइल एकदा बंद करून चालू करावा.

दुसरा आणि मोठा बदल २०२० साली अँड्रॉइड ११ ने केला. `Android/data` आणि `Android/obb` यांतील दुसऱ्या अॅपची फोल्डरे पाहण्यास इतर अॅपना मज्जाव झाला. ‘सर्व फायलींची’ परवानगी दिलेला फाइल मॅनेजरही त्यातून सुटला नाही. यादी रिकामी दिसते ती यामुळेच. ओबीबीपुरता एक अपवाद आहे : ज्या अॅपला ‘अनोळखी अॅप इन्स्टॉल’ करण्याची परवानगी आहे, त्याला हे फोल्डर उघडता येते. ही परवानगी जोखमीची असल्याने काम होताच काढून घ्यावी.

मग डेटा खरोखर आहे की नाही, हे ओळखावे कसे? यूएसबी केबलने मोबाइल संगणकाला जोडला, तर बहुतेक मोबाइलचे ओबीबी फोल्डर तिथे दिसते. डेव्हलपर पर्यायांतील यूएसबी डीबगिंग ज्यांना वापरता येते, त्यांनी ही आज्ञा द्यावी :

```
adb shell ls -l /sdcard/Android/obb/com.example.khel
```

`No such file or directory` असे उत्तर आल्यास फोल्डर खरेच गेले आहे. फाइल दिसली, पण तिचा आकार १,८०० मेगाबाइटऐवजी ६०० भरला, तर डाऊनलोड अर्धवट राहिले असे समजावे. नाव आणि आकार दोन्ही बरोबर असूनही खेळ अडत असेल, तरच दोष परवानगीचा.

येथे एक चूक महागात पडते, ती म्हणजे वैतागून खेळ काढून टाकणे. अनइन्स्टॉल करताच ओबीबी फोल्डर पुसले जाते आणि क्लाउडवर न ठेवलेली खेळातील प्रगतीही जाते. ‘स्टोरेज साफ करा’ या बटणाची गोष्ट याहून विचित्र. त्याने प्रगती जाते, पण ओबीबी फाइल मात्र जागेवर राहते! ज्यांना ती फाइलच नव्याने आणायची आहे, त्यांचा त्या बटणाने केवळ तोटा होतो. म्हणून आधी फाइलची प्रत संगणकावर काढून ठेवावी.

पुन्हा इन्स्टॉल करणे अटळच झाले, तर खेळ इन्स्टॉल करून एकदा उघडावा, बंद करावा आणि मगच ती प्रत फोल्डरात ठेवावी. हाताने आधी तयार केलेले फोल्डर काही मोबाइलवर खेळाच्या मालकीचे मानले जात नाही. अशा वेळी फाइल समोर असूनही खेळ ती वाचू शकत नाही.

एका प्रसंगी मात्र वापरकर्त्याच्या हाती काहीच नसते. अँड्रॉइड १३ साठी बांधलेल्या अॅपना जुनी ‘स्टोरेज’ परवानगी मिळतच नाही. आपलीच फाइल उघडण्याआधी ती मागणारा खेळ तिथेच अडून बसतो. सेटिंग्जमध्ये तो पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. निर्मात्याने सुधारित आवृत्ती देणे हाच त्यावर उपाय. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर येणाऱ्या नव्या खेळांना ओबीबीऐवजी दुसरी पद्धत वापरावी लागते. त्यामुळे हा त्रास मुख्यतः त्याआधीच्या खेळांचा आहे.