सदतीस टक्क्यांची भिंत : हवाई बेटांवरच्या रेडिओ-जाळ्याचा इतिहास

हवाईची बेटं प्रशांत महासागरात विखुरलेली आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावरच्या मानोआ परिसरात होता, आणि विद्यापीठाची महाविद्यालयं व संशोधन केंद्रं वेगवेगळ्या बेटांवर. त्यांना हा संगणक दुरून वापरायचा होता. टेलिफोनची तार होती, पण महाग आणि बेभरवशाची. नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकाने आणि फ्रँक्लिन कुओ वगैरे सहकाऱ्यांनी तार सोडून रेडिओ वापरायचं ठरवलं. त्यांच्या प्रकल्पाचं नाव 'अलोहा'. हवाईयन भाषेत भेटताना आणि निरोप घेतानाही हाच शब्द वापरतात. आपण 'सलाम' म्हणतो, तसाच.

रेडिओचं ठरलं, पण एक प्रश्न उरला. सगळ्यांना मिळून एकच लहरीची पट्टी वापरायची होती. मग कोणी कधी बोलायचं?

सरळ उत्तर होतं वाटणीचं. प्रत्येकाला पट्टीचा आपापला तुकडा द्यायचा. पण माणूस संगणकापुढे कसा बसतो ते आठवा. एक ओळ टाइप करतो, पाठवतो, विचार करतो, उत्तर वाचतो. अर्धा मिनिट काहीच नाही आणि मग क्षणभर धांदल. अशा माणसाच्या नावे लिहून ठेवलेला तुकडा जवळजवळ सगळा वेळ रिकामा पडून राहतो.

म्हणून अब्रॅमसन यांनी नियमच काढून टाकला. ज्याला पाठवायचं आहे त्याने लगेच पाठवावं. मध्यवर्ती केंद्राला संदेश नीट मिळाला, तर केंद्र दुसऱ्या लहरीवरून पोच देईल. पोच आली नाही, तर कुणाशी तरी टक्कर झाली असं समजायचं, थोडं थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. मात्र किती थांबायचं ते प्रत्येकाने नशिबावर सोडायचं, म्हणजे यादृच्छिक ठेवायचं. सगळे सारखाच वेळ थांबले तर तेच दोघे पुन्हा एकमेकांवर आदळणार. मधल्या या केंद्राला त्यांनी 'मेनेहुने' म्हटलं. हवाईच्या लोककथांत मेनेहुने नावाचे बुटके, कसबी लोक असतात. जून १९७१ मध्ये हे जाळं सुरू झालं.

हिशेब कुठे अडतो

या योजनेचं गणित अब्रॅमसन यांनी १९७० च्या शोधनिबंधातच मांडलं होतं. त्यांचेच आकडे घेऊ. एका पॅकेटमध्ये ८० अक्षरं, आणि पत्ता व तपासणीचे बिट धरून एकूण ७०४ बिट. सेकंदाला २४,००० बिट या वेगाने आणि जुळवणीचा वेळ धरून एका पॅकेटला ३४ मिलिसेकंद लागतात. पॅकेटं एकामागून एक अगदी चिकटून गेली, तर सेकंदात सुमारे २९ जातील. ही झाली कागदावरची पूर्ण क्षमता.

आता माझं पॅकेट या क्षणी निघालं असं समजा. ते कशाने बिघडेल? माझं पॅकेट चालू असताना, म्हणजे पुढच्या ३४ मिलिसेकंदांत, दुसऱ्या कुणी सुरुवात केली तर बिघडेल. पण तेवढंच नाही. माझ्या आधीच्या ३४ मिलिसेकंदांत कुणी सुरुवात केली असेल, तर त्याची शेपटी माझ्या डोक्यावर येईल. म्हणजे माझं पॅकेट ३४ मिलिसेकंदांचं असलं, तरी मला धोका ६८ मिलिसेकंदांचा आहे. साऱ्या गोष्टीचं मूळ या दुपटीत आहे.

पाठवणारे पुष्कळ आहेत आणि कुणाचा कुणाशी संबंध नाही, असं धरलं तर संभाव्यतेचं गणित सोपं होतं. एका पॅकेटच्या वेळात सरासरी G पॅकेटं निघत असतील, तर त्यातली यशस्वी होणारी S इतकी:

S = G·e^(-2G)

इथे e म्हणजे २.७१८ ही गणितातली ओळखीची संख्या. G वाढवत नेलं की S आधी वाढतो, G अर्धा झाला की शिखर गाठतो आणि मग घसरू लागतो. शिखरावर S म्हणजे 1/(2e), फक्त १८.४ टक्के.

आकड्यांत पाहू. शिखरावर सेकंदाला सुमारे १४.७ पॅकेटं निघतात. माझ्या ६८ मिलिसेकंदांच्या धोक्याच्या वेळात सरासरी एक दुसरं पॅकेट येतं. सरासरी एक असताना एकही न येण्याची शक्यता ३७ टक्के. म्हणून १४.७ पैकी ५.४ सुखरूप पोहोचतात. प्रत्येक माणूस ३० सेकंदांत एक पॅकेट पाठवत असेल, तर एकावेळी १६२ माणसं या जाळ्यावर काम करू शकतात. निबंधातला आकडा हाच आहे. प्रत्येक पॅकेट पोहोचेपर्यंत सरासरी २.७ वेळा पाठवावं लागतं.

८२ टक्के क्षमता वाया गेली, असं कुणी म्हणेल. पण तीच पट्टी १६२ जणांत कायमची वाटली असती, तर प्रत्येकाला सेकंदाला १४८ बिट मिळाले असते आणि एका पॅकेटला पावणेपाच सेकंद लागले असते. अलोहात ३४ मिलिसेकंद लागतात आणि वर दोन-तीन प्रयत्नांची वाट. ज्याच्याकडे सांगण्यासारखं क्वचितच असतं, त्याला हा सौदा फायद्याचा होता.

घड्याळ आलं, दुप्पट झालं, थांबलं

लॅरी रॉबर्ट्स हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा संस्थेत संगणक-जाळ्यांचं काम पाहत होते. अलोहाला आधार देणाऱ्यांत ते होते आणि हीच पद्धत उपग्रहावर वापरता येईल का, हा विचार त्यांच्या मनात होता. १९७२ मध्ये त्यांनी एक छोटी सुधारणा सुचवली. वेळेचे एका पॅकेटएवढे खाने पाडायचे, म्हणजे स्लॉट. कुणीही पाठवावं, परवानगी नकोच. पण सुरुवात करायची ती फक्त स्लॉटच्या सुरुवातीला.

त्यामुळे शेपटीचा प्रश्न मिटतो. दोन पॅकेटं टकरली तर पूर्ण टकरतात, अर्धवट नाही. मला धोका फक्त त्यांच्याकडून, जे माझाच स्लॉट निवडतात. धोक्याचा वेळ ६८ वरून ३४ मिलिसेकंदांवर येतो, सूत्र S = G·e^(-G) होतं आणि शिखर बरोबर दुप्पट, 1/e म्हणजे ३६.८ टक्के. १६२ च्या जागी ३२४ माणसं.

याची किंमत म्हणजे सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. पॅकेट केंद्रापाशी पोहोचताना स्लॉटमध्ये बसायला हवं, म्हणून दूरच्याने अंतराच्या हिशेबाने थोडं आधी सोडायचं. स्लॉटच्या कडेला थोडी मोकळी जागा ठेवायची. आणि संदेश छोटा असला तरी पूर्ण स्लॉट खर्ची पडतो.

पण दुप्पट झाल्यावर गाडी तिथेच का थांबते? हे मी वर्गात सहा फाशांनी दाखवतो. सहा मुलं, प्रत्येकाच्या हातात एक फासा. टाळी वाजली की सगळ्यांनी टाकायचा. ज्याला एक पडेल त्याने आपलं नाव उच्चारायचं. सहा जणांत एक बोलणारा, सरासरी अगदी नेमकी. तरीही नेमका एकच आवाज येण्याची शक्यता ४० टक्केच. ३४ टक्के वेळा शांतता असते आणि उरलेल्या २६ टक्के वेळा गोंगाट. फाशाची शक्यता कमी केली तर शांतता वाढते, जास्त केली तर गोंगाट वाढतो. दोघंच असते आणि नाणं उडवलं असतं, तर यश ५० टक्के. मुलं वाढवत जा, म्हणजे आकडा खाली येत ३६.८ वर स्थिरावतो. एकमेकांच्या मनातलं कळत नाही, तोवर सरासरी 'एक' ठेवता येते, प्रत्येक वेळी 'एकच' ठेवता येत नाही. ही भिंत यंत्राच्या दोषाची नाही. एकमेकांना न विचारण्याची ती किंमत आहे.

मग विचारायचं का नाही? आधी कान देऊन ऐकावं आणि मग बोलावं, हा उपाय रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ पासून झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ईथरनेटमध्ये वापरला. अब्रॅमसन यांचं काम त्यांनी अभ्यासलं होतं. पण ईथरनेटची तार एका इमारतीतली होती. हवाईत टर्मिनलं केंद्राला ऐकत, डोंगरापलीकडच्या एकमेकांना नाही. आणि उपग्रहावरून ऐकू येतं ते पाव सेकंदापूर्वीचं. तोवर ३४ मिलिसेकंदांचं पॅकेट कधीच संपलेलं असतं.

शिखराच्या पलीकडचा उतार

कमी टक्केवारीपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. लेनर्ड क्लाइनरॉक आणि सायमन लॅम यांनी १९७५ च्या निबंधात त्याचा बारकाईने अभ्यास केला. टक्कर झालेली पॅकेटं नाहीशी होत नाहीत, ती परत येतात. एखाद्या क्षणी गर्दी वाढली की टकरी वाढतात. टकरी वाढल्या की पुन्हा पाठवणं वाढतं, आणि त्याने गर्दी आणखी वाढते. स्लॉटच्या पद्धतीत G एकचा दोन झाला की यश ३७ वरून २७ टक्क्यांवर येतं. तीन झाला तर १५ वर.

इथे एक फसगत होते. २७ टक्के यश दिसलं म्हणून जाळं ठीक चाललंय असं म्हणता येत नाही. G सुमारे ०.४ असतानाही यश २७ टक्केच असतं. तेव्हा पॅकेटला सरासरी दीड प्रयत्न पुरतात. G दोन असताना तेवढ्याच यशासाठी ७.४ प्रयत्न लागतात. फरक ओळखायचा तर रिकामे स्लॉट मोजावेत. पहिल्या स्थितीत तीनपैकी दोन स्लॉट रिकामे असतात, दुसरीत शंभरातले जेमतेम चौदा. रिकामी जागा दिसेनाशी झाली की समजावं, आपण उतारावर आहोत. अशा वेळी जास्त जोराने पाठवून काही होत नाही. प्रत्येकाने जास्त वेळ थांबायला हवं.

आपल्या खिशातल्या साध्या जीएसएम फोनमध्ये हे गणित आजही आहे. नंबर लावल्यावर फोन टॉवरकडे पहिली छोटी विनंती पाठवतो, ती स्लॉटच्या अलोहानेच. उत्तर आलं नाही तर यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा. पुन्हापुन्हा किती वेळा, हे फोन ठरवत नाही. टॉवर सगळ्यांना सतत सांगत असतो : एकदा, दोनदा, चारदा किंवा सातदा, त्याहून जास्त नाही. बोलणं मात्र पुढे ठरवून दिलेल्या जागेत चालतं. अलोहा उरतो तो दार ठोठावण्यापुरता. कोण कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं, तिथे ३७ टक्क्यांचा व्यवहार परवडतो, आणि तो बुडू नये म्हणून ठोठावण्यावर मर्यादा घालावी लागते.